सोलरचं बिल तपासायचं कसं: तीन आकडे, एक वही आणि हरवलेले ४२ युनिट

ऑगस्टचं बिल आलं तेव्हा बाबा म्हणाले, "पाऊस आहे, सोलर काय चालणार? बिल येणारच." मलाही ते पटलं आणि मी पैसे भरून टाकले. पंधरा दिवसांनी सहज वही काढली, बेरीज-वजाबाकी केली आणि लक्षात आलं की ४६ युनिटांऐवजी आमच्याकडून ८८ युनिटांचे पैसे घेतले होते. मधल्या ४२ युनिटांचा पावसाशी काहीही संबंध नव्हता.

कोकणात सोलर लावणाऱ्यांचं हेच होतं. जून ते सप्टेंबर बिल वाढलं की सगळं पावसाच्या माथी मारता येतं, आणि खरी चूक त्यात लपून जाते. आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. पहिल्या वर्षात जे अडखळत शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. हे घरगुती, सिंगल फेज, नेट मीटरिंगच्या जोडणीबद्दल आहे. तुमच्या बिलावर दिवसाच्या वेळेनुसार युनिटांचे वेगवेगळे रकाने असतील, तर त्या रकान्यांचा हिशोब यात घेतलेला नाही.

जवळ काय काय हवं

- मागची दोन-तीन बिलं, सगळी पानं. सोलरचा तक्ता बहुतेक वेळा मागच्या पानावर असतो आणि आपण पहिलंच पान जपून ठेवतो.
- नेट मीटर बसवला त्या दिवशीचा मीटर बदली अहवाल. त्यावर जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग असतं.
- नेट मीटरिंगच्या कराराची प्रत.
- कॅमेऱ्याचा मोबाइल, एक साधी वही आणि पेन.

१. कुठलं मीटर काय मोजतं ते आधी समजून घ्या

भिंतीवर दोन मीटर असतात. इन्व्हर्टरकडून येणाऱ्या वायरवर असतं ते जनरेशन मीटर. पॅनलांनी एकूण किती वीज तयार केली एवढंच ते सांगतं. दुसरं नेट मीटर. ते घर आणि खांबावरून आलेली लाइन यांच्या मध्ये बसलेलं असतं, आणि त्यात दोन वेगळे आकडे चालतात. लाइनवरून घरात आलेली वीज म्हणजे इम्पोर्ट, घरातून लाइनवर गेलेली वीज म्हणजे एक्स्पोर्ट.

नवा माणूस पहिला घोळ इथेच घालतो. जनरेशन मीटरवर महिन्यात ३५२ युनिट दिसतात, बिलावर एक्स्पोर्ट २१४ दिसतो, आणि वाटतं की १३८ युनिट कुणीतरी खाल्ले. खाल्ले ते आपणच. दुपारी फ्रिज चालला, पंखे फिरले, विहिरीवरचा पंप लावला. ती वीज पॅनलातून थेट घरात गेली, नेट मीटरपर्यंत पोचलीच नाही. तिचा फायदा मिळाला, पण तो बिलावर कुठेच छापून येत नाही, कारण तेवढी वीज आपण विकतच घेतली नाही.

त्यामुळे आपलं क्रेडिट जनरेशनवरून ठरत नाही. ते इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट या दोनच आकड्यांवरून ठरतं. जनरेशनचं रीडिंग वीज कंपनीला लागतं ते अपारंपरिक वीज किती घेतली याचा हिशोब नियामक आयोगाला दाखवण्यासाठी. आपल्याला ते लागतं पडताळ्यासाठी, आणि त्या कामाला ते फार उपयोगी आहे. म्हणून तिन्ही आकडे टिपायचे.

२. मीटरच्या स्क्रीनवर योग्य आकडा ओळखा

नेट मीटरची स्क्रीन एका आकड्यावर थांबत नाही. तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, सर्वाधिक मागणी असं एकेक येत-जात राहतं. आपल्याला `kWh` असं एकक असलेल्या दोनच स्क्रीन हव्यात. काही मीटरवर शेजारी `IMP` आणि `EXP` असं येतं, काहींवर नुसतं `I` आणि `E`. काही मीटरवर शब्दच नसतात, कोपऱ्यात बारीक कोड असतो: `1.8.0` म्हणजे इम्पोर्ट, `2.8.0` म्हणजे एक्स्पोर्ट. हे दोन कोड वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे `kVAh`. हा आकडा `kWh` च्या जवळपासचाच असतो, म्हणून घाईत तोच टिपला जातो. दुसरं म्हणजे काही मीटर इम्पोर्ट वजा एक्स्पोर्ट असा निव्वळ आकडाही दाखवतात. तो वहीत घेऊ नका, कारण त्यावरून मूळचे दोन आकडे परत काढता येत नाहीत.

स्क्रीन पुढे सरकवायला मीटरवर बटण असतं. पावसात ओल्या हाताने ते दाबू नका, आकडा आपोआप येईपर्यंत दोन मिनिटं थांबा. आमच्याकडे खाऱ्या दमट हवेने मीटरच्या पेटीची काच आतून धुरकट होते आणि ३ चा ८ दिसतो. त्यामुळे आकडा डोळ्यांनी वाचून लिहाच, पण फोटोही घ्या. फोटोत आकडा, कोड आणि मीटरचा क्रमांक तिन्ही दिसायला हवेत. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, हे सांगायला नको.

३. मीटर सरळ बसलंय का, ते एकदा दुपारी आणि एकदा रात्री बघा

ही चाचणी एकदाच करायची आहे, शक्यतो मीटर बसल्याच्या पहिल्या आठवड्यात.

ऊन चांगलं असताना दुपारी बाराच्या सुमाराला पंप, गिझर, इस्त्री बंद ठेवा. तिन्ही आकडे दशांशासकट लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा लिहा. आमच्याकडे जनरेशन १.१ ने वाढलं, एक्स्पोर्ट ०.९ ने आणि इम्पोर्ट जागचा हलला नाही. म्हणजे अर्ध्या तासात घराने ०.२ युनिट वापरलं. फ्रिज आणि दोन पंख्यांना तेवढं बरोबर आहे.

मग अंधार पडल्यावर पुन्हा तेच. आता फक्त इम्पोर्ट वाढला पाहिजे. एक्स्पोर्ट तसूभरही हलता कामा नये.

रात्री एक्स्पोर्ट वाढत असेल, तर मीटरच्या आत-बाहेरच्या वायरी उलट लागल्या आहेत. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घडतं. अशा घराला पहिल्या उन्हाळ्यात भरमसाट बिल येतं, कारण लाइनवर सोडलेली सगळी वीज इम्पोर्ट म्हणून मोजली जाते.

याच जातीचा आणखी एक फटका आहे. सोलर बसवून देणारा म्हणतो, "नेट मीटर येईल आठ दिवसांत, तोवर चालू करून ठेवा." तसं करू नका. जुन्या साध्या मीटरांपैकी बरीच अशी असतात की वीज कुठल्याही दिशेने गेली तरी ती वापर म्हणूनच मोजतात. वीजचोरी रोखण्यासाठीच ती तशी केलेली आहेत. त्यामुळे आपण फुकट दिलेल्या विजेचेच पैसे आपल्याला भरावे लागतात. नेट मीटर बसेपर्यंत इन्व्हर्टरचा स्विच खालीच राहू द्या.

४. वहीत महिन्याला एक ओळ

रोज लिहायची गरज नाही. पहिले दोन महिने मी रोज लिहीत होतो, मग कंटाळलो. बिलावर रीडिंगची तारीख छापलेली असते. ती दर महिन्याला साधारण तीच असते, आमची पाच तारीख. त्या दिवशी संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तीन आकडे आणि तीन फोटो. संध्याकाळी अशासाठी की त्यानंतर दिवसभराचं जनरेशन आणि एक्स्पोर्ट थांबलेलं असतं. रीडिंगवाला सकाळी येऊन गेला असेल तर त्याच्या आणि आपल्या आकड्यात त्या दिवसापुरता पाच-दहा युनिटांचा फरक पडतो. तो चूक धरायचा नाही.

शेजारी एक रिकामा रकाना ठेवा आणि त्यात लाइट किती दिवस गेली ते लिहा. सोलर असूनही लाइट गेली की घरात अंधार, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण त्याची दुसरी बाजू लक्षात येत नाही. लाइनवर वीज नसली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. तेवढा वेळ जनरेशनही बंद. जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड पडून आमच्याकडे तीन दिवस लाइट नव्हती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं तरी जनरेशन मीटर जागच्या जागी. वहीत ती नोंद नसती तर मी पॅनल खराब झालं म्हणून बसवणाऱ्याला फोन करत बसलो असतो.

आमच्या वहीतल्या पाच ओळी अशा:

| तारीख | जनरेशन | इम्पोर्ट | एक्स्पोर्ट |
|---|---|---|---|
| ५ एप्रिल | २,०३३ | ५६९ | १,३५० |
| ५ मे | २,३८५ | ६९७ | १,५६४ |
| ५ जून | २,७१६ | ८८४ | १,७४२ |
| ५ जुलै | २,९१४ | १,०१५ | १,८३८ |
| ५ ऑगस्ट | ३,०६६ | १,१६४ | १,८९९ |

५. आकडे आपापसात पटतात का ते बघा

बिल हातात घेण्याआधी वहीतलेच आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. एप्रिलची ओळ घेऊ. ५ एप्रिल ते ५ मे जनरेशन ३५२, इम्पोर्ट १२८, एक्स्पोर्ट २१४.

जनरेशनमधून एक्स्पोर्ट वजा केला की दिवसा घरात थेट वापरलेली वीज मिळते: ३५२ वजा २१४ म्हणजे १३८. त्यात इम्पोर्ट मिळवला की घराचा एकूण वापर: १३८ अधिक १२८, म्हणजे २६६ युनिट. सोलरच्या आधीच्या एप्रिलचं बिल काढून बघा. वापर त्याच्या आसपास असेल तर मीटर ठीक आहेत. दुप्पट किंवा निम्मा निघाला तर कुठलातरी आकडा चुकला.

आणखी एक साधी कसोटी: एक्स्पोर्ट कधीही जनरेशनपेक्षा जास्त असू शकत नाही. जे तयारच झालं नाही ते लाइनवर जाणार कुठून? बिलावर तसं दिसलं तर बहुधा रीडिंग घेणाऱ्याने रकाने बदलून टाकलेत. आणि एक्स्पोर्टच्या जागी जनरेशनचा आकडा पडला असेल तर त्या महिन्यात क्रेडिट जास्त मिळतं. खूश होऊन गप्प बसू नका. चूक सापडली की ते पुढच्या बिलात वसूल होतं.

आता पावसाचा भाग. एप्रिलमध्ये आमचं जनरेशन ३५२ होतं, ५ जुलै ते ५ ऑगस्टमध्ये १५२. निम्म्याहून कमी झालं. पण एक्स्पोर्ट २१४ वरून ६१ वर आला, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. हे बघून शेजारच्या काकांना वाटलं होतं की मीटर एक्स्पोर्ट खातंय. तसं नाही. घराची दिवसाची भूक तशीच राहते, तिला आधी द्यावं लागतं आणि उरलेलंच बाहेर जातं. त्यामुळे जनरेशन घटलं की एक्स्पोर्ट त्याहून जोरात घटतो. पावसाचा खरा परिणाम जनरेशनच्या आकड्यात दिसतो. जनरेशन टिकून असेल, घरातला वापर वाढलेला नसेल आणि तरी बिल चढलं असेल, तर कारण पाऊस नाही.

६. आता बिल उघडा

सोलरच्या तक्त्यात इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि बहुतेक बिलांवर जनरेशन, यांचं मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक अवयव आणि युनिट असे रकाने असतात. गुणक अवयव घरगुती मीटरला १ असतो. तिथे दुसरा आकडा दिसला तर आधी तोच विचारा. शिवाय मागच्या महिन्यातून आलेले शिल्लक युनिट आणि पुढच्या महिन्यात जाणारे शिल्लक युनिट असे दोन आकडे असतात. त्यांना बिलावर वेगवेगळी नावं दिलेली आढळतात. नाव काही असो, मागून आलेले आणि पुढे जाणारे असे दोन आकडे शोधायचे.

गणित असं चालतं: इम्पोर्टमधून एक्स्पोर्ट वजा करा. उरलेल्यातून मागची शिल्लक वजा करा. काही उरलं तर तेवढ्या युनिटांचं बिल. एक्स्पोर्टच जास्त निघाला तर तो फरक मागच्या शिलकीत मिळून पुढे जातो, युनिटांच्याच रूपात, रुपयांत नव्हे.

आमचं एप्रिल ते ऑगस्ट बघा. ५ एप्रिलला शिल्लक शून्य होती, ती का ते पुढे सांगतो. ५ मेच्या बिलात इम्पोर्ट १२८, एक्स्पोर्ट २१४, म्हणून ८६ युनिट जमा. मग मुंबईहून दोन्ही भाऊ मुलाबाळांसकट आले, रात्रभर पंखे आणि दिवसाला दोनदा पंप. ५ जूनच्या बिलात इम्पोर्ट १८७, एक्स्पोर्ट १७८. नऊ युनिट शिलकीतून गेले, उरले ७७. बिल तरीही आलं, कारण स्थिर आकार युनिट शून्य असले तरी भरावाच लागतो. ही तक्रार करायची गोष्ट नाही.

५ जुलैला व्हायला हवं होतं ते असं: इम्पोर्ट १३१, एक्स्पोर्ट ९६, फरक ३५. तो ७७ मधून गेला, शिल्लक ४२, बिलाचे युनिट शून्य. ५ ऑगस्टला इम्पोर्ट १४९, एक्स्पोर्ट ६१, फरक ८८. त्यातून ४२ गेले, बिल ४६ युनिटांचं.

७. आपोआप भरून निघणारी चूक आणि कधीच भरून न निघणारी चूक

प्रत्यक्षात झालं ते असं. ५ जुलैला आम्ही सगळे चिपळूणला होतो. आमचं मीटर पडवीत आणि पडवीच्या ग्रिलला कुलूप. रीडिंगवाला आला आणि परत गेला. अशा वेळी बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी `INACCS` सारखा शब्द येतो आणि सरासरीने बिल लागतं. आमच्या बिलात इम्पोर्ट सरासरीने १२० धरला आणि एक्स्पोर्ट शून्य. सोलरवाल्यांसाठी सरासरी बिलाचा खरा मार इथे असतो: घेतलेली वीज अंदाजाने धरतात, दिलेली वीज धरतच नाहीत. १२० मधून आमचे ७७ गेले आणि ४३ युनिटांचं बिल आलं.

मी चिडलो. संध्याकाळी घरी परतल्यावर घेतलेले फोटो हाताशी होते. ते घेऊन दुसऱ्याच दिवशी बिल दुरुस्त करून घ्यायला गेलो.

आज वाटतं, थांबलो असतो तरी चाललं असतं. मीटर काही विसरत नाही. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग घेतलं की जूनपासूनचं सगळं एकदम पकडलं जातं. ५ जूनपासून ५ ऑगस्टपर्यंत इम्पोर्ट २८०, एक्स्पोर्ट १५७, फरक १२३. त्यातून ७७ गेले की ४६. आधीच्या सरासरी बिलात ४३ चे पैसे घेतलेले आहेत, ते लॉक क्रेडिट म्हणून वळते झाले की उरले ३. दोन्ही बिलांचे मिळून ४६, म्हणजे व्हायला हवे होते तितकेच. आकडा एखाद्या महिन्यात चुकीचा वाचला, वाचलाच नाही, किंवा दशांश कापला, तर पुढच्या खऱ्या रीडिंगला तो भरून निघतो.

मी मात्र दुरुस्ती करून घेतली. दुरुस्त बिलात इम्पोर्ट १३१, एक्स्पोर्ट ९६, बिलाचे युनिट शून्य. मी खूश. पुढे जाणाऱ्या शिलकीचा रकाना मी बघितलाच नाही. तिथे ४२ हवे होते, होता शून्य. दुरुस्ती करताना रीडिंग बदललं, पण शिल्लक पुढे ओढली गेली नाही. मग ऑगस्टच्या बिलात मागची शिल्लक शून्य आणि बिल ८८ युनिटांचं. रीडिंग सगळी अचूक, माझ्या फोटोंशी जुळणारी. म्हणूनच पहिल्या नजरेला ते बिल खरं वाटलं.

ही चूक पुढच्या रीडिंगला भरून निघत नाही. मीटरमध्ये फक्त इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट साठतात. शिल्लक किती हे मीटरला ठाऊकच नसतं, ती फक्त बिलांच्या साखळीत जगते. साखळीची एक कडी निसटली की ते युनिट गेले.

म्हणून दर महिन्याला बाकी काही बघायला वेळ नसला, तरी दोन बिलं शेजारी ठेवून हे जोड बघा: मागच्या बिलातलं चालू रीडिंग या बिलात मागील रीडिंग म्हणून आलंय का, इम्पोर्टचं आणि एक्स्पोर्टचं वेगवेगळं. आणि मागच्या बिलात पुढे गेलेली शिल्लक या बिलात तशीच आलीय का. दोन मिनिटांचं काम आहे.

जोड तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बिल दुरुस्त झालं तेव्हा, मीटर बदललं तेव्हा, आणि नेट मीटरनंतरचं अगदी पहिलं बिल. पहिल्या बिलात नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग बदली अहवालाशी ताडा. नवं कोरं मीटरही शून्यावर नसतं, चाचणीचे एक-दोन युनिट त्यात असतात. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे मीटर भिंतीवर लागतं आणि बिलाच्या संगणकात आपण अजून साधे ग्राहकच असतो. तेव्हा बिलावर एक्स्पोर्टचा रकानाच नसतो. तसं बिल आलं तर वाट बघू नका, बदली अहवाल घेऊन लगेच जा.

८. मार्चच्या शेवटी शून्य

एप्रिलला आमची शिल्लक शून्य का होती? महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे युनिटांची शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच पुढे जाते. ३१ मार्चला उरलेले युनिट वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि नवं वर्ष शून्यापासून सुरू होतं. म्हणजे मागच्या बिलात शिल्लक उरलेली असूनही या बिलात मागची शिल्लक शून्य दिसणं वर्षातून एकदाच बरोबर असतं, नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या बिलात. त्या वेळी मार्चअखेरच्या शिलकीची रक्कम बिलात जमा दाखवलीय का ते शोधा. तीही नसेल आणि शिल्लकही शून्य झाली असेल, तर ते युनिट हवेत गेले.

ही तारीख कोकणाला सोयीची नाही. ऑक्टोबर ते मार्च आकाश स्वच्छ, घरात माणसं दोन, एक्स्पोर्ट भरपूर. ते सगळं साठतं आणि ३१ मार्चला संपतं. मग मे महिन्यात चाकरमानी येतात, पाठोपाठ पाऊस. म्हणजे साठवलेलं वापरायची वेळ येते तेव्हाच डबा रिकामा. ज्यांचं घर वर्षाचे दहा महिने बंद असतं त्यांनी तर हे नीट ध्यानात घ्यावं. अशा घराला आणखी एक धोका आहे: मीटर कुलपाआड असेल तर महिनोन्‌महिने सरासरी बिल आणि एक्स्पोर्ट शून्य. चूक पुढच्या खऱ्या रीडिंगला भरून निघते हे खरं, पण ते रीडिंग मार्चनंतर झालं तर आधीच्या वर्षाचे युनिट नव्या वर्षात मिसळतात आणि हिशोब सोडवणं कठीण होतं. मीटर बाहेरच्या भिंतीवर घ्या, किंवा निदान मार्चच्या रीडिंगला शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा.

९. चूक सापडली तर

सगळं सांगत बसू नका. काउंटरवरच्या माणसापुढे वही उघडून सोलर समजावायला लागलात की तो पुढच्याला बोलावतो. एका कागदावर एक चूक, एक आकडा. मी लिहिलं होतं ते एवढंच: "जुलैच्या दुरुस्त बिलात मागून आलेली शिल्लक ७७, इम्पोर्ट १३१, एक्स्पोर्ट ९६. पुढे जाणारी शिल्लक ४२ हवी, शून्य दाखवली आहे. ऑगस्टच्या बिलात हे ४२ युनिट वजा झालेले नाहीत. ते समायोजित करावेत." वर ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक. सोबत जून, जुलै, ऑगस्टच्या बिलांच्या प्रती, सोलरच्या तक्त्यावर पेनाने गोल करून.

अर्ज उपविभाग कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आणि वायरमनच्या कानावर घातलेलं धरू नका. तो बिचारा खांबावर चढणार, बिलाच्या संगणकात त्याला काही करता येत नाही. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घेतला तरी चालतो, पण शिलकीची तक्रार फोनवर समजावणं मला तरी जमलं नाही. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे. मंचाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे जुनी बिलं रद्दीत घालू नका.

बिल भरायचं थांबवू नका. थकबाकी दिसली की बोलणं शिल्लक युनिटांवरून थकबाकीवर जातं. मी ८८ युनिटांचे पैसे आधीच भरले होते, ते बरंच झालं.

आमचं प्रकरण पहिल्याच अर्जात निकालात निघालं. कारकून बाईंनी तीन बिलं शेजारी ठेवली, बोटाने ७७ वरून ३५ वजा केले, आणि म्हणाल्या, "हो की, हे पुढे आलंच नाही." सप्टेंबरच्या बिलात समायोजित युनिटांच्या रकान्यात उणे ४२ आले. पहिल्या टप्प्याच्या दराने तीनेकशे रुपयांचा मामला. बाबांनी बिल उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मग पाऊस कमी झाला म्हणायचा का?"